‘घराजवळ’ : एक कार्ड की दोन?

प्रश्न : आमच्या गावातल्या साक्षरता वर्गात मी स्वयंसेविका म्हणून शिकवते. वर्ग संध्याकाळी समाजमंदिरात भरतो. सतरा वर्षांच्या, चौथीत शाळा सुटलेल्या मुलीपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळे एकत्र बसतात. शब्दांच्या जाती शिकवण्यासाठी मी आठ रंगांच्या आठ रकान्यांचा तक्ता केला आणि चित्रांची कार्डेही केली. तरुण मुलींनी आठही नावे पाठ केली. पण वाक्यातला शब्द दाखवला की त्या अडखळतात. आजी आणि मावश्या चित्र पाहून शब्द सांगतात, अक्षरांकडे बघतच नाहीत. शिवाय ‘घराजवळ’ या शब्दाचे एक कार्ड करावे की दोन, यावरून वर्गात वाद झाला आणि मला उत्तर देता आले नाही. तक्ता आणि कार्डे नव्याने करायची आहेत. कशी करावीत?

— एक स्वयंसेविका, सोलापूर जिल्हा

उत्तर : वर्गात झालेल्या वादापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या बाकीच्या अडचणींची उत्तरेही त्याच्याच आसपास आहेत. ‘घराजवळ’ची कार्डे दोन करावीत, मात्र ती शेजारी ठेवली की एकच शब्द झाल्याचे डोळ्यांना दिसले पाहिजे. पहिल्या कार्डावर ‘घर’ असे लिहून चालणार नाही, कारण आपण ‘घरजवळ’ म्हणत नाही. शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे रूप बदलते. घरचे घरा होते, शाळाचे शाळे, रस्ताचे रस्त्या आणि विहीरचे विहिरी. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. तुमच्या वर्गातली प्रत्येक व्यक्ती हे रूप बोलताना बिनचूक वापरते, म्हणून ते नव्याने शिकवण्याची गरज नाही. गरज आहे ती कार्डावर ते दिसण्याची. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कार्डांवर नामाचे फक्त मूळ रूप छापलेले असते, त्यामुळे त्या कार्डांपासून वाक्य जुळवायला गेले की ‘शाळा जवळ’, ‘घर साठी’ अशी वाक्ये तयार होतात आणि पुढे वहीतही तीच उतरतात.

यासाठी नामाचे कार्ड दुहेरी करा. पुढच्या बाजूला ‘शाळा’ लिहा आणि चारही कडांना जाड काळी चौकट काढा. मागच्या बाजूला ‘शाळे’ लिहा आणि तिथे चौकटीची उजवी कड मोकळी सोडा. ‘जवळ’, ‘साठी’, ‘मागे’, ‘पर्यंत’ या कार्डांवर डावी कड मोकळी ठेवा. ‘शाळे’ आणि ‘जवळ’ एकमेकांना भिडवले की मधली रेघ नसल्यामुळे दोन्ही मिळून एकच बंद चौकट तयार होते. कोणी चुकून ‘शाळा’ ही बाजू वर ठेवून ‘जवळ’ लावले, तर मधोमध उभी रेघ राहते आणि काहीतरी चुकल्याचे तुम्ही न सांगता कळते. ज्या व्यक्तीला चारचौघांत चूक दाखवली गेली की दुसऱ्या दिवशी वर्गाला यावेसे वाटत नाही, तिच्यासाठी कार्डानेच चूक दाखवणे फार सोयीचे असते.

चौकटीइतकीच महत्त्वाची गोष्ट शिरोरेषेची आहे. देवनागरीत एक शब्द कुठे संपतो हे शिरोरेषा तुटल्यावरून कळते, म्हणून सर्व कार्डांवर शिरोरेषा वरच्या कडेपासून तंतोतंत सारख्या अंतरावर हवी आणि मोकळ्या कडेच्या बाजूला ती कार्डाच्या टोकापर्यंत न्यायला हवी. म्हणजे कार्डे भिडली की रेघही अखंड होते. बंद कडेच्या बाजूला रेघ अक्षरापाशीच थांबवा. ‘घरा जवळ’ असे तोडून लिहिण्याची सवय नवसाक्षरांमध्ये सर्रास दिसते, आणि दुकानांच्या पाट्यांवरही ती इतकी दिसते की तिला दोष देणेही अवघड होते; तरीही अखंड रेघेची कार्डे काही दिवस हाताळली की लिहिताना हात तिथे थांबेनासा होतो.

आता मापे सांगते. कार्डाची उंची ११ सेंटिमीटर धरा. वरचे ३ सेंटिमीटर वेलांटी, मात्रा आणि रफार यांच्यासाठी रिकामे, त्याखाली शिरोरेषा, पुढचे ३ सेंटिमीटर अक्षराचे अंग, त्याखालचे ३ उकारांसाठी आणि सर्वांत खालचे २ सेंटिमीटर कोरे, कारण तेवढा भाग तक्त्याच्या कप्प्यात जाणार आहे. हा कोरा भाग ठेवला नाही, तर ‘दूध’ आणि ‘पुढे’ यांचे उकार कप्प्यात लपतात आणि वाचणाऱ्याला शब्द अपुरा दिसतो. तीन मीटरवरून सहज वाचता यावे यासाठी अक्षराची उंची साधारण अडीच सेंटिमीटर असावी, असा पाट्यांच्या लेखनातला ढोबळ नियम आहे; वर्गात चाळिशीपुढची आणि मोतीबिंदूची माणसे आहेत, म्हणून मी ३ सांगते आहे. लांबी शब्दाप्रमाणे कमीजास्त होऊ द्या. सर्व कार्डे एकाच लांबीची करण्याच्या हौसेपायी ‘दवाखान्या’ची अक्षरे चेपू नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कार्डशीट साधारण ५६ बाय ७१ सेंटिमीटरचे असते, त्याच्या पाच पट्ट्या आणि त्यांची मिळून वीसेक कार्डे सहज होतात.

कार्ड दोन्ही बाजूंनी लिहायचे आहे, तेव्हा मार्करची शाई मागे उतरते का हे एका कोपऱ्यावर आधी पाहा. उतरत असेल तर दोन पातळ कागदांवर लिहून ते मध्ये पुठ्ठा घालून चिकटवा. मागची बाजू लिहिताना कार्ड वहीचे पान उलटल्यासारखे आडवे उलटा. वरून खाली उलटले तर शिरोरेषेचे अंतर खालच्या कडेपासून मोजले जाते आणि सारा हिशेब बिघडतो. लॅमिनेशन करण्याचा मोह टाळा. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चकचकीत कार्डावर उजेड चमकतो आणि बाजूला बसलेल्यांना केवळ पांढरा पट्टा दिसतो. अक्षरे संगणकावर छापून घेणार असाल तर ‘ल’ आणि ‘श’ या दोन अक्षरांकडे लक्ष द्या. अनेक फाँटमध्ये ती हिंदी वळणाची येतात, तर आपल्या शालेय पुस्तकांत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ असतो. तरुणांना त्याने फरक पडत नाही, पण ज्यांची अक्षरओळख आता कुठे पक्की होते आहे त्यांना कार्डावरचा ‘ल’ आणि पुस्तकातला ‘ल’ ही दोन वेगळी अक्षरे वाटू शकतात.

पहिल्या संचासाठी आठ नामे आणि आठ शब्दयोगी अव्यये पुरेत. नामे निवडताना मी घर, बाजार, शाळा, बँक, नदी, विहीर, रस्ता आणि दवाखाना ही घेईन. पहिल्या दोघांत शेवटी ‘आ’ येतो, पुढच्या दोघांत ‘ए’ येतो, नदी दोन्ही बाजूंनी तशीच राहते, विहीरमधली दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते, आणि शेवटच्या दोघांत जोडाक्षर येते. म्हणून तीही शेवटीच आणावीत. नदीचे कार्डही दोन्ही बाजूंनी लिहा आणि मागची कड मोकळी ठेवा, कारण अक्षरे बदलली नाहीत तरी शब्दाचे काम बदलले आहे. जोडायच्या शब्दांत जवळ, पाशी, साठी, पर्यंत, मागे, पुढे, वर आणि खाली असू द्या. ‘पाशी’ मुद्दाम सुचवते आहे; तो आजींच्या तोंडी ‘जवळ’पेक्षा अधिक असतो. ‘म्होरं’ कोणी म्हटले तर ते तोंडी स्वीकारा आणि कार्ड ‘पुढे’चे उचलू द्या.

‘ला’, ‘त’, ‘ने’ आणि ‘चा’ हे विभक्तीचे प्रत्यय आहेत, स्वतंत्र शब्द नाहीत, त्यामुळे त्यांना कोणतीच शब्दजात नाही. त्यांची कार्डे करायचीच असतील तर अरुंद करा आणि तीही डाव्या कडेने मोकळी ठेवा. ‘घरातून’, ‘शाळेतून’ ही रूपे मात्र इतक्यात आणू नका. तिथे ‘ऊन’ हा प्रत्यय आधीच्या ‘त’मध्ये मिसळून जातो आणि अक्षर मधून कापल्याशिवाय कार्डे वेगळी होत नाहीत. अक्षर कापायचे नाही हा नियम सर्वत्र पाळा. त्याच कारणाने ‘ताज’ लिहून पुढे काना, वेलांटी आणि मात्रा यांचे तुकडे लावण्याची युक्ती, जी काही ठिकाणी सुचवली जाते, ती मला पसंत नाही. काना उजवीकडे येतो, मात्रा डोक्यावर येते, आणि तुकडा नेमका कुठे लावायचा या गोंधळातच वेळ जातो.

विशेषणासाठी त्याऐवजी तिघडी करा. कार्डशीटची पट्टी तीन ठिकाणी दुमडून तंबूसारखी उभी राहील अशी चिकटवा आणि तिच्या तीन अंगांवर ताजा, ताजी, ताजे अशी पूर्ण रूपे लिहा. ही टेबलावर ठेवून फिरवायची. समोर ‘मासा’ ठेवला की तिघडी एका अंगावर, ‘भाजी’ ठेवली की दुसऱ्या आणि ‘दूध’ ठेवले की तिसऱ्या अंगावर वळते. नाम बदलले की त्याच्याविषयी सांगणारा शब्दही बदलतो, ही गोष्ट व्याख्येविना हाताला कळते. ‘लाल’, ‘हुशार’, ‘कडू’ ही विशेषणे बदलत नाहीत, त्यांची साधी कार्डे पुरतात. आपण बोलताना ‘ताजं दूध’ म्हणतो आणि लिहिताना बहुधा ‘ताजे दूध’. कार्डावर दोन्ही रूपे ठेवू नका, लेखी रूप एकदा ठरवा आणि सर्वत्र तेच लिहा. वाचणाऱ्याने ‘ताजं’ असे वाचले तर मात्र अडवू नका.

क्रियापदाचीही अशीच तिघडी करा : विकतो, विकते, विकतात. इथे तिसरे अंग दोन कारणांनी लागते. अनेकवचन हे एक कारण झालेच. दुसरे असे की मोठ्या माणसांच्या वर्गात ‘काका भाजी विकतो’ हे वाक्य कोणाच्याही कानाला खटकते. आदरार्थी बहुवचन हा लहान मुलांच्या तक्त्यांत मागाहून येणारा विषय तुमच्याकडे पहिल्याच दिवशी लागेल.

यानंतर तक्त्याकडे वळू. आठ रकाने आणि प्रत्येक रकान्याखाली शब्दांची यादी, या रचनेतच तुमच्या तरुण विद्यार्थिनींच्या अडखळण्याचे कारण आहे. मराठीत शब्दाची जात वाक्यातल्या कामावरून ठरते. बसचा कंडक्टर ‘पुढे चला’ म्हणतो तेव्हा ‘पुढे’ हे क्रियाविशेषण अव्यय असते, आणि ‘शाळेपुढे थांबा’ या वाक्यात तेच शब्दयोगी अव्यय होते. ‘ती आली’मधली ‘ती’ सर्वनाम आहे, ‘ती मुलगी आली’मधली ‘ती’ विशेषणाचे काम करते. यादीच्या तक्त्यात या शब्दांना एकाच रकान्यात डांबावे लागते, आणि मग वाक्यात ते वेगळे वागले की विद्यार्थी गोंधळतो. म्हणून ‘पुढे’च्या कार्डाची एक बाजू चारही कडांनी बंद आणि दुसरी डावीकडून मोकळी करा, म्हणजे एकट्याने उभे राहणारे ‘पुढे’ आणि नामाला चिकटणारे ‘पुढे’ ही एकाच कार्डाची दोन रूपे म्हणून दिसतील.

याच कारणासाठी कार्डांना रंग देऊ नका. फिकट बदामी कागदावर काळी अक्षरे, एवढेच पुरे. कार्डच निळे असले की ते निळ्या रकान्यात जाते आणि अक्षरे न वाचताही उत्तर बरोबर येते. तुमच्या आजी चित्रांच्या बाबतीत नेमके हेच करत आहेत. चित्र काढायचेच असेल तर एकाही कार्डावर न काढता वेगळ्या चित्रकार्डावर काढा, आणि शब्द वाचून झाल्यावर पडताळा म्हणून दाखवा. ‘आणि’, ‘साठी’, ‘पर्यंत’ यांची चित्रे तशीही निघत नाहीत. सफरचंद, ससा आणि फुगा ही चित्रे वगळलेलीच बरी. रेशनकार्ड, विळा, सिलिंडर, औषधाची पट्टी यांची रेखाचित्रे साधी काढली तरी चालतील.

तक्ता वाक्याचा करा. जुन्या चादरीवर आडव्या चार पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या २ सेंटिमीटर खोलीचा कप्पा राहील अशा शिवून घ्या आणि वर डावीकडून उजवीकडे प्रश्न लिहा : कोण? कुठे? कसे? काय? काय करतात? मराठी वाक्याचा नेहमीचा क्रम हाच असल्यामुळे, प्रश्नांची उत्तरे ओळीने ठेवली की वाक्य आपोआप जुळते. प्रश्न विचारणे हे मोठ्या माणसांना ‘नाम म्हणजे काय?’पेक्षा कितीतरी ओळखीचे असते. तिघड्या कप्प्यात बसणार नाहीत, त्यांची साधी कार्डेही प्रत्येक अंगाप्रमाणे करून ठेवा. तिघडीवर रूप ठरवायचे आणि तेच कार्ड तक्त्यात लावायचे.

जातीचे नाव दाखवण्यासाठी कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे वापरा. पाच रंगांचे चिमटे घ्या आणि प्रत्येक रंगावर एक खूणही चिकटवा : नामाला चौकोन, विशेषणाला त्रिकोण, क्रियापदाला गोल, क्रियाविशेषण अव्ययाला फुली, शब्दयोगी अव्ययाला आडवी रेघ. खूण यासाठी की वयाबरोबर डोळ्यांतले भिंग पिवळसर होत जाते, तेव्हा निळा आणि हिरवा यांत फरक करणे कठीण होते, आणि काही पुरुषांना लाल व हिरवा हे रंग जन्मतःच वेगळे दिसत नाहीत. वाक्य लागून झाले की विद्यार्थी योग्य चिमटा कार्डाच्या वरच्या कडेला लावतो. उत्तर कार्डावर छापलेले नसून विद्यार्थ्याने लावलेले असते, आणि पुढच्या वाक्यात त्याच कार्डाला वेगळा चिमटा लागू शकतो.

एका संध्याकाळचे काम उदाहरणासह पाहू. ‘मावशी शाळेजवळ ताजी भाजी विकतात’ हे वाक्य घ्या. ज्यांची अक्षरओळख नुकतीच झाली आहे अशा आजींना प्रथम बोलवा आणि ‘मावशी’ व ‘भाजी’ ही दोनच कार्डे पाच-सहा कार्डांतून वाचून काढायला सांगा. अडखळत वाचणाऱ्या मावशींनी ‘शाळा’चे कार्ड उलटून ‘शाळे’ करावे आणि ‘जवळ’ भिडवावे. चांगले वाचणाऱ्या मुलींनी दोन्ही तिघड्या वळवाव्यात आणि चिमटे लावावेत. ‘शाळे’ला नामाचा आणि ‘जवळ’ला शब्दयोगी अव्ययाचा, म्हणजे एका शब्दावर दोन चिमटे का आले हे त्यांनीच इतरांना सांगावे. त्यानंतर ‘भाजी’ काढून ‘दूध’ ठेवा आणि गप्प बसा. ‘ताजी’ खटकल्यावर जो पहिला हात तिघडीकडे जाईल तो बहुधा आजींचाच असेल, कारण हे ज्ञान वयाबरोबर वाढलेले असते, शाळेबरोबर नाही. मुलींना उत्तर आधी ओरडू न देण्याचा नियम मात्र कडकपणे पाळा. शेवटी सर्वांनी वाक्य वहीत लिहावे, ज्यांना सगळे जमत नाही त्यांनी फक्त ‘शाळेजवळ’ लिहावे.

रचना साधली आहे की नाही हे तीन गोष्टींवरून कळेल. वहीत ‘शाळेजवळ’ एका शिरोरेषेखाली येऊ लागले पाहिजे. दुसरे, संचात नसलेला एखादा शब्द, जसे ‘मोबाईल’ किंवा ‘दुकान’, दिला तर विद्यार्थ्याने त्याची मागची बाजू स्वतः सांगितली पाहिजे. मोबाईल तसाच राहतो आणि दुकानचे दुकाना होते. तिसरे, ‘पुढे’चे कार्ड हातात देऊन ‘याला कोणता चिमटा?’ असे विचारल्यावर ‘वाक्य सांगा, मग सांगतो’ असे उत्तर आले पाहिजे. पहिल्याच दमात रंग सांगितला गेला तर अजून यादीच पाठ होते आहे असे समजा आणि ‘पुढे’, ‘मागे’, ‘वर’, ‘खाली’ यांच्या जोडवाक्यांवर आणखी वेळ द्या.

आठ जातींपैकी उरलेल्यांची घाई नको. सर्वनामे वेगळी ठेवा, कारण ‘मी’चे ‘माझ्याजवळ’ आणि ‘तो’चे ‘त्याच्याजवळ’ होते, आणि ही रूपे एका कार्डाच्या दोन बाजूंवर नीट पटत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वेगळी कार्डे धाग्याने बांधावीत. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ ही उभयान्वयी अव्यये तक्त्याच्या दोन ओळींच्या मध्ये टांगली की त्यांचे काम उघड होते. ‘अरेरे’ आणि ‘शाबास’ यांना कार्डाची गरज नाही. उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन आणि संख्याज्ञान हे भाग असतात. शब्दांच्या जातींची नावे आली नाहीत म्हणून तिथे कोणाचे अडत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचा विचार थोडा वेगळा करा. तिला पुढे दहावीला बसायचे असेल तर आठही नावे लागतील, तेव्हा ती तिच्या वहीत लिहून घ्या आणि तुमचा जुना आठ रंगांचा तक्ता तिला घरी न्यायला द्या. वर्गातल्या भिंतीवर तो आता नको.